बदलीला नाही म्हणायचंय, पण ज्यांनी नाव पुढे केलं त्यांना दुखवायचं नाही

चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांमध्ये मी बावीस वर्षं काढली. सुरुवातीला एकदा घरच्या कारणामुळे बदली नाकारली, आणि ती फार वाईट पद्धतीने नाकारली. गेली आठ वर्षं मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आहे, म्हणजे दुसऱ्या शहरातल्या प्लांटसाठी माणसं निवडतो आणि त्यांचे नकार ऐकतो. हे लिहितोय ते नोकरीत तीन-चार वर्षं झालेल्या आणि पहिल्यांदाच असा प्रस्ताव आलेल्या मुलामुलींसाठी.

एक गोष्ट आधी समजून घ्या, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. तुम्ही नकार तुमच्या साहेबांना देता, पण तो तिथे थांबत नाही. त्यांनी तुमचं नाव प्लांट हेडपुढे किंवा एचआरच्या बैठकीत घेतलेलं असतं. तुमचा नकार आता त्यांना तिथे नेऊन सांगायचा असतो. त्यांना तो दोन वाक्यांत, मान खाली न घालता सांगता आला, तर तुमचं नातं टिकतं. नाहीतर 'नाव घ्यायच्या आधी विचारायचं तरी' हे बोलणं त्यांना ऐकावं लागतं.

माझ्या वेळी नेमकं तेच झालं होतं. साहेबांनी विचारलं तेव्हा मी 'बघतो सर' म्हणालो. पुढचे सोळा दिवस रोज बघतोच म्हणत राहिलो, कारण नाही म्हणायची हिंमत होत नव्हती. त्यांनी 'बघतो'चा अर्थ होकार घेतला, यादीत नाव गेलं, तिकडच्या माणसाने गेस्ट हाउसची खोली धरून ठेवली. सतराव्या दिवशी रात्री साडेदहाला मी मोबाइलवर लिहिलं, 'सॉरी सर, घरून जमत नाहीये.' पुढचं वर्षभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

केबिनमध्ये असताना

प्रस्ताव ऐकल्याबरोबर होही म्हणू नका, नाहीही म्हणू नका. पण 'बघतो', 'जमवू काहीतरी', 'घरी विचारून सांगतो' हे शब्दही टाळा. आपल्याकडे 'बघतो' हा अर्धा होकार धरला जातो. 'घरी विचारतो' म्हटलं की समोरचा समजतो, याची तयारी आहे, फक्त घरच्यांना पटवायचं बाकी आहे.

त्याऐवजी आधी आभार माना आणि मग चार गोष्टी विचारून घ्या. ही विचारणा आहे की निर्णय झालाय? कधीपासून जायचंय? किती काळासाठी? आणि माझं उत्तर तुम्हाला कोणत्या दिवशी पुढे सांगायचंय? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच कुणी विचारत नाही. साहेब म्हणाले 'पुढच्या सोमवारी रिव्ह्यू आहे', तर तुम्ही गुरुवारी उत्तर द्या. रिव्ह्यूच्या सकाळी मिळालेल्या नकाराचं त्यांना काहीच करता येत नाही, चार दिवस आधी मिळाला तर ते दुसरं नाव शोधू शकतात.

बोलायचं साधंच असतं. 'सर, माझं नाव तुम्ही सुचवलंत, खूप बरं वाटलं. मला गुरुवारपर्यंत वेळ द्या, गुरुवारी मी तुम्हाला पक्कं उत्तर देतो.' एवढं बोलून बाहेर या. आणि गुरुवारी खरंच जा, त्यांना तुम्हाला बोलवावं लागू नये.

त्याच संध्याकाळी नियुक्तीपत्र काढा

घरी गेल्यावर फाइल काढा आणि नियुक्तीपत्रातलं बदलीचं कलम वाचा. बहुतेक खासगी कंपन्यांच्या पत्रात 'कंपनीच्या कोणत्याही ठिकाणी, विभागात किंवा संलग्न कंपनीत तुमची बदली केली जाऊ शकते' अशा अर्थाचं वाक्य असतं, आणि त्याखाली आपली सही असते. बदली हा नोकरीचाच भाग आहे, असं न्यायालयंही वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. कामगार वर्गात मोडणाऱ्यांची बदली आकसाने केली असेल, तर कामगार कायदा तिला अनुचित प्रथा मानतो. पण आकस दाखवून द्यावा लागतो. नव्या लाइनसाठी चांगला माणूस हवाय म्हणून विचारणं म्हणजे आकस नव्हे.

हे माहीत असलं की बोलण्याचा सूर आपोआप बदलतो. 'तुम्ही मला पाठवू शकत नाही' असं बोलायची जागा इथे नाही. तुम्हाला विचारलंय, आणि विचारलेल्याला तुम्ही नम्रपणे नाही म्हणताय. लेखी आदेश निघाल्यावर गोष्ट वेगळी होते, त्याकडे पुढे येतो. म्हणून तर विचारणा चालू आहे तोवरच स्पष्ट बोलायचं.

सरकारी नोकरीतल्यांचा रस्ता निराळा आहे. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना बदल्यांचा 2005 चा कायदा लागू होतो. केंद्राच्या कर्मचाऱ्यांमध्ये, जो दिव्यांग मुलाचा मुख्य सांभाळ करतो त्याला नेहमीच्या फिरत्या बदलीतून सूट मिळण्याची तरतूद 2014 च्या परिपत्रकात आली, आणि 2018 मध्ये ती जोडीदार, आईवडील, भावंडं यांच्यापर्यंत वाढवली गेली. तिथे साहेबांच्या मनापेक्षा अर्ज आणि प्रमाणपत्र यांना वजन असतं. इथून पुढचं सगळं खासगी नोकरीबद्दल आहे.

घरी बसून कागदावर आठवडा मांडा

इथे मी एका मुलाची गोष्ट सांगतो. आमच्याच क्वालिटी विभागातला इंजिनीअर, निगडीला राहणारा. अहमदाबादजवळ साणंदला आमच्या प्लांटमध्ये नवी लाइन सुरू होणार होती, ग्राहकाकडून पहिल्या भागांची मंजुरी मिळेपर्यंतचं सगळं काम त्याला बारकाईने येत होतं. अठरा महिन्यांसाठी त्याचं नाव मी पुढे केलं. त्याच्या वडिलांचं डायलिसिस चालू होतं हे मला माहीत होतं, पण घरात ते नेमकं कसं पार पडतं हे माहीत नव्हतं.

त्याने वहीच्या पानावर आठवड्याचे सात रकाने पाडले होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी चार ते रात्री आठ डायलिसिस. पहिल्या शिफ्टवरून तो साडेतीनला सुटायचा, आई वडिलांना रिक्षाने केंद्रावर आणायची आणि तो थेट तिथे पोचायचा. सुया काढल्यावर हातावर दाबून धरायचं, रक्त थांबलं याची खात्री करायची, चक्कर येत असेल तर थोडा वेळ आडवं ठेवायचं, मग जिना चढवून घरी न्यायचं. आईचे गुडघे दुखतात, वडील बासष्ट किलोंचे. रात्री जिना चढवणं हे एकट्या आईच्याने होणारं काम नव्हतं. बहीण नाशिकला.

हे पान त्याने मला दाखवायला केलेलं नव्हतं. स्वतःला कळावं म्हणून केलं होतं. तुम्हीही तसंच करा, कारण कधीकधी आठवडा मांडल्यावर दिसतं की आपण घाबरून नाही म्हणत होतो, प्रत्यक्षात सहा महिने जमू शकतील. आणि कधी दिसतं की आठवड्यातल्या एका विशिष्ट तासाला आपल्यावाचून खरंच अडतं. तो तास म्हणजेच तुमचं कारण. 'घरची परिस्थिती' हे कारण होत नाही, ते ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही.

मग दुसरा कागद घ्या आणि आपण काय देऊ शकतो ते लिहा. या मुलाने आधी बहिणीला फोन केला. 'पहिले तीन महिने, महिन्यातला एक आठवडा मी येऊन राहीन,' असं ती म्हणाली. तेव्हाच त्याने 'तीन महिने, दर महिन्याला पाच दिवस साणंदला जाईन' असं लिहिलं. घरातल्या माणसाचा होकार घेतल्याशिवाय ऑफिसात शब्द देऊ नका. बदली नाकारली हे लोक विसरतात, पण येतो म्हणून आला नाही हे विसरत नाहीत.

बोलायला जाल तेव्हा

आधी समोरासमोर बोला, मेल नंतर. साहेब दुसऱ्या शहरात असतील तर फोन करा. लंचच्या आधीची गर्दीची वेळ किंवा डिस्पॅचची संध्याकाळ टाळा. 'सर, त्या साणंदच्या विषयावर दहा मिनिटं हवी होती' असं म्हणून आत जा.

बोलण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी आभार, लगेच निर्णय, मग कारण, मग काय देऊ शकतो ते. बहुतेक जण कारणापासून सुरुवात करतात, पाच मिनिटं घरचं सांगत राहतात, आणि ऐकणारा मनात उपाय शोधू लागतो. निर्णय आधी सांगितला की तो शांतपणे ऐकतो. तो मुलगा मला म्हणाला:

'सर, नव्या लाइनची जबाबदारी मला झेपेल असं तुम्हाला वाटलं, ही माझ्यासाठी मोठी गोष्ट आहे. मागच्या ऑडिटला तुम्ही मला ग्राहकासमोर बोलू दिलंत, त्याच्यामुळेच माझं नाव निघालं हेही मला कळतं. पण सर, मी साणंदला बदलीवर जाऊ शकणार नाही. वडिलांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, आणि त्या रात्री त्यांना घरी आणायला माझ्याशिवाय कुणी नाही. हे लवकर बदलणारं नाही. लाइन उभी राहीपर्यंत तीन महिने, दर महिन्याला पाच दिवस मी तिकडे जाऊन काम करू शकतो. बहिणीशी बोलून घेतलंय.'

आभारात ऑडिटचा उल्लेख आला हे नीट बघा. 'संधी दिल्याबद्दल धन्यवाद' हे कुणीही कुणालाही म्हणतो. साहेबांनी तुमच्यासाठी प्रत्यक्ष काय केलं ते आठवून एक गोष्ट सांगितलीत, तर ते खरं वाटतं, कारण ते खरंच असतं. आणि 'हे लवकर बदलणारं नाही' या एका वाक्यामुळे मला पुढचा प्रश्न विचारावा लागला नाही. तुमचं कारण ठरावीक काळाचं असेल, उदाहरणार्थ बायकोचं बाळंतपण किंवा मुलीची दहावी, तर तो काळ महिन्यानिशी सांगा. 'मार्चनंतर मला विचारलंत तर मी तयार असेन' हे तेव्हाच म्हणा, जेव्हा तुम्ही मार्चनंतर खरंच जाल.

कारण एकच द्या. माणसं एकाला तीन कारणं जोडतात, वडील, मुलीची शाळा आणि तिकडचं घरभाडं. तुम्हाला वाटतं वजन वाढलं, पण साहेब त्यातलं सोपं कारण उचलतात. 'भाड्याचं आपण बघू, कंपनी देईल.' मग वडिलांचं कारण मागे पडतं आणि बोलणं पैशावर येतं. तुमची खरी अडचण पैसाच असेल तर तसं मोकळेपणाने बोला, आजारी आईला पुढे करू नका. एका शेडखाली काम करणाऱ्या माणसांत खोटं आजारपण फार दिवस टिकत नाही.

आणि आजाराची सगळी फाइल उलगडायची गरज नाही. कोणती अवस्था, कोणते रिपोर्ट, किती खर्च हे साहेबांना नको असतं. तुमचा वेळ कुठे बांधलेला आहे तेवढं सांगा.

समोरून काय येईल

चांगले साहेबही एकदा तरी आग्रह करतात, कारण तुम्हाला निवडण्यामागे त्यांचं काही अडलेलं असतं. मीही केला. म्हणालो, 'अरे, डायलिसिस अहमदाबादलाही होतं. आईवडिलांना घेऊन जा.'

त्याने चिडून उत्तर दिलं नाही. म्हणाला, 'होतं सर, मी चौकशी केली. नव्या केंद्रात आधी रक्ताचे रिपोर्ट लागतात, मग वेळ मोकळी असेल तर मिळते. ते जमेलही. पण हातावरची शीर कुठे टोचायची हे इथल्या टेक्निशियनला दोन वर्षांच्या सवयीने माहीत आहे, आणि वडिलांना त्रास झाला की ते मराठीतच सांगतात. एवढ्यावर त्यांना हलवायला डॉक्टरही तयार नाहीत.' मी गप्प बसलो. तो आधीच त्या वाटेने जाऊन आला होता. तुमच्याही बाबतीत जो उघड उपाय आहे तो आधी तपासून जा, कारण पहिला प्रश्न त्यावरच येणार.

'आणखी आठ दिवस विचार कर' असं आलं तर ते आठ दिवस घेऊ नका. घेतलेत की पुन्हा 'बघतो'च्या जागी आलात. 'सर, आठ दिवसांनीही माझं उत्तर हेच असेल, आणि तोवर तुमचा वेळ जाईल' असं म्हणा.

'मग पुढे तुझं नाव निघणार नाही' हे ऐकायला कठीण जातं. ते कधी धमकी असते, पण बऱ्याचदा वस्तुस्थिती असते, कारण काही पदं बाहेर राहून आल्याशिवाय मिळतच नाहीत. वाद घालू नका. 'ते मला कळतं सर, तो विचार करूनच सांगतोय' एवढं पुरे. खरंच तुम्ही तो विचार केलेला असायला हवा. त्या वर्षी बढती साणंदला गेलेल्या मुलाला मिळाली, निगडीच्या मुलाला नेहमीची पगारवाढ झाली. त्याला हे आधीच दिसत होतं, म्हणून त्याच्या तोंडून नंतर एकदाही तक्रार आली नाही.

त्याच दिवशी मेल

बोलून झालं की संध्याकाळपर्यंत लेखी पाठवा. तुमच्या ऑफिसात मेल इंग्रजीत जात असेल तर इंग्रजीत पाठवा, पण आधी मराठीत लिहून बघा म्हणजे काय म्हणायचंय ते पक्कं होतं. हा मेल साहेब पुढे पाठवणार आहेत हे डोक्यात ठेवून लिहा. असा:

> आदरणीय सर,
>
> साणंद प्लांटच्या नव्या लाइनसाठी माझं नाव सुचवल्याबद्दल मी आपला आभारी आहे.
>
> आज सकाळी बोलल्याप्रमाणे, वडिलांच्या नियमित उपचारांसाठी माझं पुण्यात असणं आवश्यक असल्याने ही बदली मी स्वीकारू शकत नाही.
>
> लाइन सुरू होण्याच्या काळात पहिले तीन महिने, दर महिन्याला पाच दिवस साणंदला येऊन काम करण्याची माझी तयारी आहे. तिथे जाणाऱ्या सहकाऱ्याला इथली कागदपत्रं आणि तपासणीची पद्धत समजावून देण्याची जबाबदारीही मी घेतो.
>
> आपला,

मेलमध्ये 'डायलिसिस' शब्द नाही. तो माझ्याशी बोलताना होता. पुढे पाठवलेला मेल कुणाकुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही, म्हणून तिथे 'नियमित उपचार' पुरेसं आहे. माफीही एकदाही मागितलेली नाही. तीन-चारदा क्षमस्व लिहिलं की आपण काही गैर केलंय असं वाचणाऱ्याला वाटायला लागतं.

मला हा मेल पुढे पाठवायला एक मिनिट लागलं. वर मी एवढंच लिहिलं की पर्यायी नाव उद्या देतो, आणि हा मुलगा सुरुवातीला मदतीला येईल.

आदेशच आला तर

कधीकधी नाही म्हणूनही लेखी आदेश निघतो. तेव्हा रुजू व्हायची तारीख बघा आणि तिच्या आधी लेखी विनंती अर्ज द्या. बदली रद्द करा, किंवा सहा महिने पुढे ढकला, आणि सोबत उपचारांचा कागद. आता मात्र डॉक्टरांचं पत्र जोडायचं. अर्जाची पोच घ्या किंवा मेलने पाठवा. सगळ्यात मोठी चूक म्हणजे उत्तर येईपर्यंत दोन्हीकडे न जाता घरी बसणं. मग विषय बदलीचा राहत नाही, विनापरवाना गैरहजेरीचा होतो, आणि त्यावर कारवाई करणं कंपनीला सोपं जातं. निर्णय होईपर्यंत रीतसर रजा टाका, रजा मंजूर झाल्याचं लेखी घ्या. कामगार वर्गात असाल आणि युनियन असेल तर त्याच दिवशी प्रतिनिधीला कागद दाखवा.

नंतरचे महिने

नकार दिल्यावर आठ-दहा दिवस साहेब थोडे तुटक वाटतील. ते मोजत बसू नका. लक्ष ठेवायचं ते कामावर. तुम्हाला नेहमीच्या बैठकांना बोलावणं येतंय का, ग्राहकाचे मेल तुमच्याकडे येतात का. दोन महिन्यांनीही हे थांबलेलं असेल, तर स्वतः जाऊन विचारा, 'सर, माझ्या त्या निर्णयामुळे काही अडचण झाली का?' कँटीनमध्ये मात्र हा विषय काढू नका, आणि जो तुमच्या जागी गेला त्याला 'मला आधी विचारलं होतं' हे कधीही सांगू नका.

निगडीचा मुलगा दोनदा ठरल्याप्रमाणे साणंदला गेला. तिसऱ्या वेळी बहिणीच्या मुलाची परीक्षा आली. त्याने तीन आठवडे आधी मला सांगितलं आणि दौरा पुढच्या आठवड्यात घेतला. तिकडे गेलेल्या मुलाला त्याने तपासणीच्या गेजचे फोटो आणि हाताने लिहिलेली एक वही दिली होती, कुठला भाग कुठे अडकतो याची. ती वही साणंदच्या लाइनवर अजून वापरात आहे.

दीड वर्षाने तो पुन्हा माझ्याकडे आला. भाऊजींची बदली पुण्याला झाली होती आणि बहीण आता पिंपळे सौदागरला राहायला आली होती. 'सर, आता सहा महिन्यांपर्यंतचं बाहेरचं काम मला जमेल, तुमच्या कानावर असावं म्हणून सांगतोय,' तो म्हणाला. मी ते डायरीत त्याच्या नावापुढे तारखेसह लिहून ठेवलं.